आजीआजोबांचे ‘आज्याजोबा’ का होत नाहीत?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. म्हणून आज मी शाळेतल्याच एका प्रश्नावर बोलणार आहे. संधी आणि समास यांत फरक काय? पुस्तकात दोघांची प्रकरणे वेगळी आहेत, व्याख्या वेगळ्या आहेत, आणि तरीही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हे दोघे सतत एकमेकांच्या जागी येऊन बसतात. हे असे का होते, याचा विचार मी बरीच वर्षे करतो आहे.

माझ्यापासूनच सुरुवात करतो. आठवीच्या सहामाहीत प्रश्न होता, ‘देवालय : विग्रह करा.’ मी लिहिले, ‘देव + आलय’. गुण मिळाला नाही. शेजारी तांबड्या शाईत लिहिले होते, ‘देवाचे आलय’. मला ते उत्तर पटले, पण माझे का चुकले ते कळले नाही. त्याच पुस्तकात दोन पाने आधी ‘देव + आलय = देवालय’ असेच तर छापले होते. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘तो संधीचा विग्रह, हा समासाचा.’ एवढ्यावर तास संपला.

गोंधळाचे एक मूळ तिथेच आहे. आपण ‘विग्रह’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो. मी वर्गात दोन शब्द वेगळे ठेवायला लागलो: संधी ‘सोडवायचा’ आणि समासाचा ‘विग्रह’ करायचा. संधी सोडवला की दोन तुकडे आणि मध्ये अधिकचे चिन्ह मिळते. समासाचा विग्रह केला की मिळते एक छोटेसे वाक्य किंवा वाक्याचा तुकडा, आणि त्यात मघाशी गाळलेला एखादा शब्द किंवा प्रत्यय परत आलेला असतो. ‘देवाचे आलय’ यातला ‘चे’ ‘देवालय’ म्हणताना गळला होता, विग्रहात तो परतला. ‘देव + आलय’ यात काहीच परतलेले नाही. फक्त ‘व’मधला अ आणि ‘आलय’चा आ वेगळे झाले.

जाता जाता या दोन नावांबद्दल सांगतो, कारण मुलांना ती मजेशीर वाटतात. संधी म्हणजे सांधा. सांधेदुखीतला सांधा तो हाच. व्याकरणातला संधी मी पुल्लिंगी चालवतो, जुन्या पंडितांची तशीच रीत होती. आयुष्यात मिळते ती संधी स्त्रीलिंगी. समास म्हणजे एकत्र टाकणे, आटोपशीर करणे. वहीच्या डाव्या बाजूला आपण समास सोडतो तो शब्द हाच, आणि दासबोधाच्या वीस दशकांत प्रत्येकी दहा समास आहेत तिथेही हाच शब्द आहे. थोडक्यात मांडणे हा अर्थ त्याच्या पोटात आहे. सांध्यावर दोन वस्तू एकमेकींना टेकतात, समासात दोन वस्तूंची मिळून एक मोळी होते. हे चित्र मनात असू द्या.

आता तीन शब्द फळ्यावर लिहितो: खिडकीत, आजीआजोबा, विद्यालय.

‘खिडकीत’ हा शब्द ‘खिडकी’ आणि ‘आत’ यांतून झाला, असे आपली व्याकरणे सांगतात. ‘खिडकी’तली ई राहिली, ‘आत’मधला आ नाहीसा झाला. दोन स्वर समोरासमोर आले, पहिला टिकला, दुसरा गेला. याला पूर्वरूप संधी म्हणतात, आणि तो अस्सल मराठी संधी आहे. ‘नदीत’ तसाच, ‘नाहीसा’ तसाच: नाही आणि असा. पण ‘खिडकीत’ हा समास आहे का? नाही. ‘खिडकीत’ हे कोणत्याही नव्या वस्तूचे नाव नाही. उरलेला ‘त’ आज एकटा उभा राहू शकत नाही, तो प्रत्यय झाला आहे. म्हणजे इथे संधी आहे, समास नाही.

‘आजीआजोबा’ पाहा. आजी आणि आजोबा. विग्रहात ‘आणि’ परत आला, म्हणून हा द्वंद्व समास. मोळी पक्की बांधली आहे याचा पुरावाही देतो. आपण ‘आजीआजोबांना बोलाव’ म्हणतो. ‘ना’ एकदाच लागतो, अगदी शेवटी, आणि तो दोघांनाही पुरतो. पण आजीची ई आणि आजोबांचा आ एकमेकांना चिकटून उभे असूनही जसेच्या तसे आहेत. इथे समास आहे, संधी नाही.

आणि ‘विद्यालय’. विद्या आणि आलय, दोन आ मिळून एक आ झाला, तो संधी. विद्येचे आलय, ‘चे’ गळला, तो समास. इथे दोन्ही आहेत. मघाचे ‘देवालय’ याच घरातले. आमच्या पाठ्यपुस्तकांत संधीची उदाहरणे म्हणून जे शब्द येतात ते बहुतेक याच घरातले असतात: सूर्योदय, गणेश, महर्षी, हिमालय. प्रत्येक उदाहरणात दोघेही हजर असल्यावर यांतला संधी कोण आणि समास कोण हे मुलाने ओळखायचे कसे? जुळ्या भावंडांना ओळखायचे तर कधीतरी त्यांना वेगवेगळे पाहावे लागते. म्हणून मी आधी ‘खिडकीत’ आणि ‘आजीआजोबा’ दाखवतो, आणि ‘विद्यालय’ सगळ्यात शेवटी.

पाणिनीने हे दोघे किती लांब ठेवले आहेत पाहा. अष्टाध्यायीत समासाचे प्रकरण दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी येते आणि त्याची पहिलीच अट अर्थाची आहे: ज्या पदांचा एकमेकांशी अर्थाने संबंध आहे, त्यांचाच समास. संधीचे नियम मुख्यतः सहाव्या आणि आठव्या अध्यायांत येतात, आणि तिथली अट आहे वर्णांच्या जवळिकीची. दोन वर्ण अगदी लगत आले की पुरे, मग अर्थाचा संबंध असो वा नसो. संस्कृत वाक्यात शेजारी पडलेल्या, एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या दोन शब्दांतही संधी होतो. समास तसा कधीच होत नाही.

‘तथापि’ हे याचे आपल्या रोजच्या वापरातले उदाहरण. तथा आणि अपि. दोन्ही स्वतंत्र शब्द, दोन्ही अव्यये, आणि मध्ये नेमका ‘विद्यालय’सारखाच संधी. पण गाळलेले काय? काहीच नाही. विग्रह करायला बसलात तर ‘तथा अपि’ एवढेच म्हणता येते. कोणताही ‘चा’, ‘आणि’, ‘ज्याचे’ परत येत नाही. तेव्हा हा समास नाही. ‘कदापि’ आणि ‘यद्यपि’ तसेच. आणि ‘नयन’मध्ये तर दुसरा तुकडा शब्दच नाही. ने आणि अन, त्यातला ‘अन’ हा प्रत्यय आहे. ‘गायन’ही तसेच, गै आणि अन. संधी आहे, पण समास व्हायला जोडीदारच नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत हे एका बाजूने दाखवले तर पुरत नाही, दोन्ही बाजूंनी दाखवावे लागते. समास तोच राहून संधी बदलला पाहिजे, आणि संधी तोच राहून समास बदलला पाहिजे. सुदैवाने आपल्याकडे दोन्ही आहे.

मनोबल, मनस्ताप, मनःशांती. हे तीन शब्द घ्या. तिन्हींचा विग्रह करा: मनाचे बल, मनाचा ताप, मनाची शांती. तिन्ही षष्ठी तत्पुरुष, तसूभर फरक नाही. पण पहिला शब्द तिन्ही ठिकाणी वेगळा दिसतो: मनो, मनस्, मनः. मूळ एकच, ‘मनः’. पुढे ब हे मृदू व्यंजन आले तेव्हा विसर्ग आणि आधीचा अ मिळून ओ झाला. पुढे त आला तेव्हा विसर्गाचा स् झाला. पुढे श आला तेव्हा विसर्ग आपल्या जागी राहिला. मुलांना मी म्हणतो, विसर्ग आपल्या शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग काय व्हायचे ते ठरवतो. बल म्हणजे काय, ताप म्हणजे काय, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ‘मनोरथ’मधला रथ धावो वा न धावो, र मृदू आहे एवढे त्याला पुरते.

आता उलट बाजू: पीतांबर. पीत आणि अंबर. अ आणि अ मिळून आ. संधी एकच, दुसरा शक्यच नाही. पण विग्रह दोन होतात. पूजेला बसताना आजोबा नेसतात तो पीतांबर म्हणजे ‘पीत असे अंबर’, पिवळे वस्त्र. हा कर्मधारय. आणि ‘पीत आहे अंबर ज्याचे तो’ म्हणजे विष्णू. हा बहुव्रीही. वस्त्र घडी करून कपाटात ठेवता येते, देवाला ठेवता येत नाही. एवढा मोठा फरक पडला, पण दोन अकारांना त्याची गंधवार्ता नाही. एका वर्षी वर्गात एका मुलीने विचारले होते, ‘सर, मग पेपरात नुसते पीतांबर लिहिले तर कोणता विग्रह लिहायचा?’ मी तिला म्हणालो, शब्द एकटा दिला असेल तर दोन्ही लिही आणि अर्थ सांग, वाक्यात दिला असेल तर वाक्य ठरवेल. आजही माझे मत तेच आहे. समास हा अर्थाचा व्यवहार असल्यामुळे वाक्याशिवाय तो कधी कधी ठरतच नाही. संधीला वाक्य लागत नाही.

पण संधी सोडवताना मात्र अर्थाची मदत घ्यावी लागते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र अर्धे राहील. ‘रमेश’ हा संधी सोडवा. कित्येक मुले ‘रम + ईश’ लिहितात. नियमाने पाहिले तर चूक दिसत नाही. अ आणि ई मिळून ए होतो, आ आणि ई मिळूनही ए होतो. र-मे-श एवढे ऐकून मागे रम होता की रमा, हे कान सांगू शकत नाही. विग्रह सांगतो. कोणाचा ईश? रमेचा, म्हणजे लक्ष्मीचा. म्हणून रमा + ईश. ‘गणेश’ मात्र गणांचा ईश, म्हणून गण + ईश. जोडताना संधी आंधळेपणाने जोडतो, सोडवताना मात्र अर्थ माहीत असलेला माणूस लागतो.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे. आजी + आजोबा, ई + आ. संस्कृतचा नियम लावला तर ईचा य् होतो, जसा ‘इति + आदी’चा ‘इत्यादी’ होतो. म्हणजे ‘आज्याजोबा’ व्हायला हवे. कोणी म्हणत नाही. म्हणून पाहिले तर लहान मूलसुद्धा हसते. संस्कृतात परंपरेने असे सांगितले आहे की एका पदाच्या आत, उपसर्ग आणि धातू यांच्यामध्ये आणि समासात संधी केलाच पाहिजे, वाक्यात मात्र तो बोलणाऱ्याच्या इच्छेवर. म्हणजे संस्कृतात समास आला की संधी त्याच्या मागोमाग येतोच. मराठीने हा नियम घेतला नाही. संस्कृतातून तयार आलेल्या शब्दांबरोबर त्यांचे संधी आले, पण आपण स्वतः मोळी बांधतो तेव्हा टोके बहुधा मोकळी ठेवतो.

याचे एक कारण आपल्या उच्चारात आहे. ‘एक’ हा शब्द म्हणून पाहा. शेवटी क् ऐकू येतो, अ ऐकू येत नाही. लिहिताना आपण पूर्ण क लिहितो, बोलताना त्यातला अ सोडून देतो. संस्कृतात तो अ उच्चारला जातो. आता ‘एक’ला ‘एक’ जोडा. संस्कृतात अ आणि ए समोरासमोर येतात, त्यांचा ऐ होतो आणि शब्द होतो ‘एकैक’. मराठीत समोरासमोर यायला अ जागेवर नाहीच. क् थेट एला जाऊन मिळतो आणि शब्द होतो ‘एकेक’. तेच दोन शब्द, तीच अक्षरे, आणि निकाल वेगळा. पुस्तकात याला पररूप संधी म्हटले आहे, म्हणजे पुढच्या स्वराचे रूप राहिले. ‘घर’ला ई लागून ‘घरी’ होते, ‘सांग’ला एन लागून ‘सांगेन’ होते, तेही असेच. ‘एकेक’ आणि ‘एकैक’ ही जोडी मी प्रत्येक वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवत असे आणि वर्षभर पुसू देत नसे.

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ सालचे, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचे. या माणसांनी संस्कृतच्या पंडिती चौकटीत राहून मराठीकडे पाहण्याचे फार कष्ट केले. शाळेची पुस्तके मात्र बहुधा चौकटच घेतात. त्यामुळे मुलाला दीर्घत्व, गुण, वृद्धी यांचे तक्ते पाठ असतात, आणि आपण ‘आजीआजोबा’ का जोडत नाही हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

बाहेरच्या शब्दांचे काय होते ते फार पाहण्यासारखे आहे. ‘लोकअदालत’ घ्या. लोक संस्कृत, अदालत अरबी. ‘लोकादालत’ कोणी लिहीत नाही. शाळेत भरतो तो ‘बालआनंद मेळावा’. तिथे दोन्ही शब्द संस्कृत, तरी फलकावर बहुधा संधी नसतो. आणि मग ‘जिल्हाधिकारी’ आणि ‘तालुकाध्यक्ष’ पाहा. जिल्हा अरबीतून आलेला, तालुका अरबीतून आलेला, तरी त्यांना संस्कृत ‘अधिकारी’ आणि ‘अध्यक्ष’ येऊन थेट चिकटले. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने म्हणावे की परकीय शब्दाशी संस्कृत संधी करू नये. भाषेने ते ऐकलेले नाही.

पण ती सगळेच चालवून घेते असेही नाही. ‘जिल्हाध्यक्ष’ आपण म्हणतो. त्याच न्यायाने जिल्हा आणि उपाध्यक्ष मिळून ‘जिल्होपाध्यक्ष’ व्हायला हवा. आ आणि उ मिळून ओ, नियमात काही खोट नाही, ‘महोत्सव’ तसाच झालेला आहे. पण ‘जिल्होपाध्यक्ष’ मी आजवर कोठे ऐकला नाही, लेटरहेडवर ‘जिल्हा उपाध्यक्ष’च असतो. मला वाटते कारण असे आहे. ‘जिल्हाध्यक्ष’ ऐकल्यावर ‘जिल्हा’ हा शब्द पुरता कानावर पडतो, त्याचा चेहरा शाबूत राहतो. ‘जिल्हो’ म्हटले की चेहरा बदलतो, शब्द ओळखू येत नाही. ‘महोत्सव’ आपण संस्कृतातून अख्खा उचलला, त्यातला ‘महो’ आपल्याला वेगळा ओळखावा लागत नाही. स्वतः जोडताना मात्र मराठी माणूस संधी तिथेच होऊ देतो जिथे पहिला शब्द ओळखू येतो. हे माझे निरीक्षण आहे, नियम नव्हे. तुम्ही आपापल्या गावातल्या पाट्यांवर ते ताडून पाहा.

मग मराठी समासात शब्द अजिबात बदलत नाहीत का? बदलतात, खूप बदलतात. इथेच एक घोटाळा होतो, म्हणून तो उलगडून सांगतो. पाणी आणि कोंबडा मिळून ‘पाणकोंबडा’. पाणीची ई गेली. मुले लगेच म्हणतात, संधी झाला! पुढचे शब्द पाहू: पाणघोडा, पाणबुडी, पाणचक्की. पुढे क आला, घ आला, ब आला, च आला. कठोर आला, मृदू आला. ‘पाण’ हलला नाही. मघाचा विसर्ग आठवा. ब दिसला की ओ, त दिसला की स्. तो शेजाऱ्याकडे बघत होता. ‘पाण’ शेजाऱ्याकडे बघतच नाही. तो फक्त एवढेच जाणतो की मी समासात पहिल्या जागेवर उभा आहे. ई गेली ती क मुळे नाही, जागेमुळे. घोडा ‘घोडदौड’मध्ये घोड होतो आणि ‘घोडचूक’मध्येही घोडच राहतो. रात्र ‘रातराणी’त रात होते, ‘रातकिड्या’तही रातच. काळा ‘काळमांजर’मध्ये काळ होतो. हा बदल समासाचा आहे, संधीचा नाही.

तेव्हा शब्द बदललेला दिसला की विद्यार्थ्याने एवढेच करावे. पहिला शब्द तसाच ठेवून दुसरे दोन-तीन शब्द त्याच्यापुढे लावून पाहावेत. पुढच्या वर्णाबरोबर रूप बदलत गेले तर ते संधीचे काम. पुढे काहीही आले तरी तेच रूप राहिले तर ते समासाचे.

आता एक लांब शब्द सगळा सोडवून पाहू. शाळेला भेट द्यायला ज्यांची गाडी येते ते ‘गटशिक्षणाधिकारी’. हा शब्द डावीकडून वाचत तुकडे पाडायचे नाहीत. आधी विचारायचे, हे कोण आहेत? अधिकारी. कशाचे? शिक्षणाचे. म्हणून आतला समास ‘शिक्षणाधिकारी’, षष्ठी तत्पुरुष, आणि त्यात शिक्षण आणि अधिकारी यांचा संधी. आता हे शिक्षणाधिकारी कुठले? गटाचे. म्हणून बाहेरचा समास ‘गटाचा शिक्षणाधिकारी’, पुन्हा षष्ठी तत्पुरुष, आणि या सांध्यावर संधी नाही, कारण ट च्या पुढे श आला, जुळायला स्वरच नाहीत. एका मुलाने मला उत्तर दिले होते, ‘गटशिक्षणाचा अधिकारी’. वर्ण सगळे बरोबर, संधीही बरोबर, पण गटशिक्षण नावाची काही वस्तू नाही. गट आहे तो कारभाराचा विभाग, शिक्षणाचा प्रकार नव्हे. अशा ठिकाणी चूक संधीत सापडत नाही, ती विग्रह मोठ्याने वाचल्यावरच कानाला खटकते. म्हणून लांब शब्दाचा विग्रह नेहमी तोंडाने म्हणून पाहावा. दोन समास, त्यांत एक संधी, असा या शब्दाचा हिशेब.

आणखी एक जोडी सांगतो, ती आपण रोज हात जोडून म्हणतो: नमस्ते आणि नमस्कार. दोन्हींत पहिला शब्द ‘नमः’, दोन्हींत विसर्गाचा स् झाला. सख्खी भावंडे वाटतात, पण नाहीत. ‘नमस्ते’ म्हणजे नमः ते, तुला नमन असो. ते अख्खे वाक्य आहे, दोन पदांचे. पुढे त आला म्हणून नेहमीच्या नियमाने स् झाला, जसा ‘मनस्ताप’मध्ये झाला. संधी आहे, समास नाही. ‘नमस्कार’ मात्र नाम आहे. त्याला ‘नमस्काराला’, ‘नमस्काराने’ असे प्रत्यय लागतात. संस्कृत व्याकरण त्याला तत्पुरुषाच्या कुळात ठेवते. आणि नीट पाहाल तर इथला स् नेहमीच्या नियमाने यायलाच नको होता. पुढे क आला की विसर्ग सहसा तसाच राहतो: अंतःकरण, प्रातःकाल. मग नमःकार का नाही? कारण ‘कृ’ या धातूशी नमः, पुरः असे शब्द जोडले जातात तेव्हा पाणिनीने स् चा वेगळा नियम दिला आहे. ‘पुरस्कार’ त्याच नियमाचा. म्हणजे ‘नमस्ते’मधला स् ठरवला शेजारच्या त ने, आणि ‘नमस्कार’मधला स् ठरवला ‘नमः’ आणि ‘कृ’ यांच्या नात्याने. वेगळे वेगळे म्हणून आपण ज्यांना इतका वेळ दूर ठेवले, ते दोघे इथे एकमेकांशी बोलताना दिसतात.

शेवटी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. तो चूक म्हणून उत्तरपत्रिकेत खोडला जातो आणि देवळाच्या पायरीवर, लग्नपत्रिकेत, आरतीच्या पुस्तकात निर्धास्तपणे नांदतो. तो शब्द ‘मनोकामना’. मनः आणि कामना. पुढे क आहे, कठोर आहे. नियमाने विसर्ग राहायला हवा, ‘मनःकामना’ व्हायला हवे, जसे आपण ‘अंतःकरण’ म्हणतो. आणि तरी सगळे ‘मनोकामना’ म्हणतात. ही चूक मी कित्येक वर्षे खोडत आलो. मग एकदा ‘पाणकोंबडा’ शिकवताना मनात आले की इथेही तेच झाले आहे. मनोबल, मनोरथ, मनोरंजन, मनोगत, मनोधैर्य असे ऐकून ऐकून मराठी माणसाने ‘मनो’ हे समासात पहिल्या जागी बसणारे ठरलेले रूप मानले, अगदी ‘पाण’ आणि ‘घोड’ यांच्यासारखे. आता त्याचा ‘मनो’ पुढच्या वर्णाकडे बघत नाही. संस्कृतने जिथे संधी केला होता, तिथे मराठीने आपल्या पद्धतीचा समास केला. परीक्षेत ‘मनःकामना’ लिहा, कारण तिथे संस्कृत संधीचा नियम विचारलेला असतो. पण वहीच्या समासात पेन्सिलीने ‘मनोकामना’ही लिहून ठेवा आणि त्याच्याखाली ‘पाणकोंबडा’ लिहा.